कटानाची माती नेमकं काय करते: सगळीकडे फिरणाऱ्या एका फॉरवर्डला उत्तर

"कटाना बनवताना तलवारीला खास मातीचा लेप देतात. मातीतला कोळसा धारेत शिरतो म्हणून धार इतकी कडक होते. पाठीवर लेप जाड असतो, त्यामुळे पाठ तापतच नाही आणि मऊ राहते. मऊ पाठीमुळे कटाना स्प्रिंगसारखी वाकून परत सरळ होते, कधीच तुटत नाही. हाच लेप आजच्या भारी स्टीलला दिला तर याहून जबरदस्त तलवार बनेल!!"

लेप देतात हे खरं आहे, पाठीवर तो जाड असतो हेही खरं. त्यापुढचं जवळजवळ सगळं उलटं लिहिलंय. माझं रोजचं कामच हार्डनिंग-टेम्परिंगचं, म्हणजे स्टील कडक करून मग पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचं आहे त्यामुळे हे वाचून राहवलं नाही, आणि खरं सांगायचं तर जपानी लोहारांनी मातीच्या जोरावर जे साधलंय ते ह्या फॉरवर्डमधल्या कहाणीपेक्षा कितीतरी अवघड आणि हुशारीचं काम आहे. तर एकेक मुद्दा घेऊ.

पहिला कार्बनचा. लेपात कोळसा असतो, बरोबर. साधारण तीन गोष्टींचा लेप करतात, चिकणमाती, लाकडी कोळशाची बारीक पूड आणि धार लावायच्या दगडाची पूड, प्रमाण ज्याचं त्याचं वेगळं आणि बरेच लोहार ते बाहेर सांगत नाहीत. पण कोळसा तिथे धारेला खाऊ घालायला नसतो. नुसती माती वाळताना आकसते, तडकते, आणि लाल पातं पाण्यात गेल्यावर लेपाचा एखादा तुकडा जरी उडाला तरी तेवढी जागा वेगळ्याच वेगाने गार होते आणि तिथे नको त्या ठिकाणी कडक डाग पडतो. ह्या दोन पुडींमुळे लेप पात्याला धरून राहतो आणि त्यातून उष्णता किती वेगाने बाहेर पडेल तेही कमीजास्त करता येतं.

आता साधा विचार करा. लेप सगळ्यात जाड कुठे असतो? पाठीवर. मग मातीतला कोळसा स्टीलमध्ये शिरून कडकपणा आणत असता तर सगळ्यात कडक पाठ झाली असती, धार नाही. इथेच तो मुद्दा संपतो खरं तर.

तरीही कोणी म्हणेल की स्टीलमध्ये कार्बन बाहेरून घालता येतो ना. येतो, आम्ही ते रोज करतो, केस हार्डनिंग म्हणतात त्याला, पण त्यासाठी ९०० डिग्रीच्या वरचं तापमान लागतं आणि कित्येक तास लागतात. कटाना पाण्यात घालण्याआधीच्या तापवण्यात ७५० ते ८०० च्या आसपास असते, आणि तीही काही मिनिटं. ८०० डिग्रीला दहा मिनिटांत कार्बन किती आत सरकेल याचा हिशोब नेहमीच्या सूत्राने केला तर उत्तर येतं मिलिमीटरचे साधारण तीन शतांश. पॉलिश करणारा माणूस त्याहून जास्त थर दगडावर घासून काढून टाकतो. आणि कटानाचा कडक पट्टा तर धारेपासून आत कित्येक मिलिमीटर जातो, आणि ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार असतो. पृष्ठभागावरून शिरलेल्या कार्बनने असा पट्टा होणं शक्यच नाही.

धारेतला कार्बन तलवार घडायच्या कितीतरी आधीच स्टीलमध्ये आलेला असतो. लोहयुक्त वाळू आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस-रात्र जाळून जे पोलाद मिळतं त्याला तामाहागाने म्हणतात, शिमाने प्रांतात ओकुइझुमोला १९७७ पासून अशी भट्टी पुन्हा चालू केलीय आणि जपानभरच्या तलवारीच्या लोहारांना तिथूनच माल जातो. त्या पोलादाच्या चांगल्या ढेपांत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. मग लोहार ते तापवून, ठोकून, घडी घालून पुन्हा ठोकून एकजीव करत जातो आणि प्रत्येक तापात थोडा थोडा कार्बन जळून जातो, शेवटी धारेच्या पोलादात ०.६ ते ०.७ टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणजे बघा, सबंध कामात लोहाराची काळजी कार्बन आत कसा घालायचा ही नसते, असलेला हवा तेवढाच कसा राहील ही असते.

दुसरा मुद्दा पाठ न तापण्याचा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण एवढं एक नीट कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. पाठ तापते. तीही लाल होते. मिलिमीटरभर माती काही मिनिटं पेटलेल्या कोळशात ठेवलेल्या लोखंडाला गार ठेवू शकत नाही. लोहार पातं कोळशातून पुढे-मागे ओढत राहतो, पालथं-उताणं करतो, तेच मुळी टोकापासून मुठीकडच्या भागापर्यंत सगळं एकसारखं तापावं म्हणून, आणि दिवे बंद करून, बरेचदा रात्री, काम करतो कारण हा अंदाज नुसत्या रंगावरून घ्यायचा असतो आणि उजेडात लाल रंगाच्या छटा कळत नाहीत. माती काम करते ती तापताना नव्हे, गार होताना.

गार होताना स्टीलमध्ये काय होतं ते जरा नीट बघू. इतक्या कार्बनचं पोलाद ७२७ डिग्रीच्या बऱ्यापैकी वर नेलं की त्यातला सगळा कार्बन लोखंडात विरघळून जातो, ह्या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. तिथून खाली यायला दोन वाटा आहेत. जरा सावकाश आलं तर ७०० ते ५०० डिग्रीच्या दरम्यान कार्बनला बाहेर सरकायला वेळ मिळतो, लोखंड आणि कार्बाइडचे अतिशय पातळ थर एकाआड एक बसतात, ते पर्लाइट, तुलनेने मऊ आणि चिवट. पण झपकन खाली आणलं तर कार्बनला हलायला सवडच मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो, आणि २५०-३०० च्या खाली गेलं की लोखंडाची अख्खी रचना ताणून बदलते, ते मार्टेन्साइट, अतिशय कडक पण ठिसूळ. साध्या कार्बन स्टीलला हे जमवायचं तर ५५० च्या आसपासचा टप्पा साधारण सेकंदाच्या आत पार करावा लागतो, उशीर झाला की पर्लाइट व्हायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

म्हणजे सगळा प्रश्न त्या एका सेकंदाचा आहे. धारेने तो टप्पा सेकंदाच्या आत ओलांडायचा आणि पाठीने ओलांडायचा नाही, एकाच पात्यात, एकाच पाण्यात, तीनेक सेंटीमीटरच्या रुंदीत! पात्याचा आकार ह्याला थोडी मदत करतो कारण धार पातळ आहे आणि पाठ सहा-सात मिलिमीटर जाड, पण तेवढ्याने भागत नाही, उरलेलं काम माती करते. जाड लेपाखाली पाठीची उष्णता हळू निघते आणि ती पर्लाइटच्या वाटेने जाते.

आणि आता फॉरवर्डमध्ये मुळीच न आलेली गोष्ट: लेप धारेवरही असतो. खूप पातळ, मिलिमीटरच्या काही दशांशाइतका किंवा त्याहूनही कमी, पण असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की मग धार हळू गार होईल, पण होतं उलटंच. लाल लोखंड पाण्यात घातलं की त्याच्या अंगाभोवती वाफेची एक चादर तयार होते आणि पाणी धातूला टेकतच नाही, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचत राहतो तोच हा प्रकार. वाफेतून उष्णता फार हळू जाते आणि आपल्याला तर सेकंदाचीच घाई असते. पातळ आणि खरखरीत लेप असला तर लेपाचा बाहेरचा भाग पाण्यात गेल्या गेल्या आतल्या धातूपेक्षा आधी गार होतो, त्यामुळे ती वाफेची चादर लवकर फुटते, पाणी टेकतं, उकळतं आणि उष्णता ओढून नेतं. म्हणजे पातळ लेपाची धार उघड्या धारेपेक्षा लवकर गार होते आणि शिवाय सगळीकडे सारखी होते. जाड लेपात हा फायदा राहत नाही कारण मधली मातीच उष्णता अडवून धरते. एकच माती, एके ठिकाणी गार व्हायचा वेग वाढवते आणि दुसऱ्या ठिकाणी घटवते, फरक फक्त जाडीचा. मला ह्या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, आणि नेमकी तीच सगळे गाळतात.

एक पातं घेऊन क्रमाने बघू म्हणजे डोळ्यांसमोर येईल. लांबी ७० सेंटीमीटर धरा, रुंदी तीन, आणि धार अजून लावलेली नाही, तिची कड मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड ठेवलेली आहे कारण पातळ कड भट्टीत आधी जळते आणि पाण्यात आधी तडकते. पातं राखेने घासून तेलकटपणा पूर्ण काढतात, नाहीतर लेप धरत नाही. मग सगळीकडे पातळ हात, मग पट्टीच्या टोकाने हवी ती नक्षीची रेघ, आणि त्या रेघेच्या वर पाठीपर्यंत जाड थर. त्यानंतर जाड थरापासून धारेच्या दिशेने आडव्या बारीक रेघा ओढतात, ह्यांना आशी म्हणतात, त्यांचं काम पुढे सांगतो. लेप पूर्ण वाळला की भट्टी, रंग आला की धार खाली करून अख्खं पातं एका झटक्यात पाण्याच्या लांब हौदात.

पाण्यात पातं स्वतःहून हलतं. आधी धार गार होऊन आकसते, पाठ अजून लालच असते, त्यामुळे पातं धारेच्या बाजूला वाकतं, म्हणजे कटानाच्या नेहमीच्या बाकाच्या अगदी उलट. मग धारेत मार्टेन्साइट बनायला लागतं, आणि मार्टेन्साइट ऑस्टेनाइटपेक्षा जास्त जागा घेतं, फुगतं, त्यामुळे धार लांब होते आणि पातं दुसऱ्या बाजूला, पाठीकडे वळतं. मधेच पाठीत पर्लाइट बनताना ते थोडं परत फिरतं आणि शेवटी पाठ पूर्ण गार होऊन आकसली की ओळखीचा बाक येतो. क्योतो विद्यापीठाच्या तात्सुओ इनोउए यांनी १९९० च्या दशकात कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून हा पुढे-मागे होणारा सगळा प्रवास दाखवलाय. हे सगळं काही सेकंदांत उरकतं.

लोहाराला हे माहीत असतं म्हणून तो पातं हवं त्यापेक्षा कमी बाकाचं घडवतो, आणि पाण्यात साधारण सेंटीमीटरभर बाक वाढेल असं धरून चालतो. कमी-जास्त झालाच तर नंतर लाल तापवलेला तांब्याचा ठोकळा पाठीला लावून थोडी दुरुस्ती करता येते. इथे एक सांगतो, प्रत्येक बाकदार तलवारीचा बाक असाच पाण्यातून येतो असंही नाही, आपल्याकडची तलवार किंवा इराणी शमशीर यांचा बाक लोहार घणानेच देतो. पण कटानाच्या बाकात क्वेंचिंगचा, म्हणजे पाण्यात झपकन गार करण्याचा, खरा हात आहे, आणि पाठ जर तापलीच नसती तर हा जो सगळा ओढाताणीचा प्रकार वर सांगितला तो असा झालाच नसता.

ज्याला स्वतः खात्री करायचीय त्याने तलवारीच्या भानगडीत न पडता साध्या कार्बन स्टीलच्या हातभर पट्टीवर करून बघावं. एका कडेला पातळ लेप, दुसऱ्या कडेला जाड, नीट वाळवून, सगळी पट्टी सारखी लाल करून कोमट पाण्यात. मग लेप झटकून दोन्ही कडांवर फाईल मारा. पातळ लेपाच्या कडेवर फाईल नुसती घसरते, करकर आवाज येतो आणि कीस पडत नाही. जाड लेपाच्या कडेवर फाईल धरते आणि चकचकीत कीस निघतो. लाल मात्र दोन्ही कडा झाल्या होत्या, ते तुमच्याच डोळ्यांनी बघितलेलं असेल.

तसं मातीशिवायही हे साधतं. नेपाळात खुकरी घडवणारे कामी लोक लाल पात्याच्या नुसत्या धारेवर किटलीने पाण्याची धार सोडत जातात, पाठीला पाणी लागू देत नाहीत. आपले लोहारही कोयत्याला, विळ्याला पाणी पाजताना धारेकडचा भागच बुडवतात. तिथेही तत्त्व तेच आहे, धार झपकन गार करायची, पाठ सावकाश. मातीचा फायदा एवढाच की हात कुठे थांबला, पाणी कुठवर चढलं ह्यावर सगळं अवलंबून राहत नाही, सीमा आधीच आखून ठेवता येते आणि तीही लाटेसारखी, दातेरी, हवी तशी.

तिसरा मुद्दा स्प्रिंगचा, आणि इथे दोन वेगळे गुण एकात कालवलेत. वाकून परत सरळ होणं हा मऊ स्टीलचा गुण नाहीच. स्टील मऊ असो की कडक, सारख्याच मापाच्या पट्टीला सारखाच जोर लावला तर ती जवळपास सारखीच वाकते, हार्डनिंगने त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो कुठवर वाकवलं तर ती परत येते ह्यात. मऊ पट्टी थोडी वाकवली की तशीच वाकलेली राहते. स्प्रिंग टेम्परची पट्टी कितीतरी जास्त वाकून परत येते, म्हणून ट्रकचे पाटे अख्खे हार्ड करून मग टेम्पर केलेले असतात, आणि युरोपातल्या बऱ्याच चांगल्या तलवारीही तशाच असायच्या. कटानाची पाठ पर्लाइटची, त्यामुळे चुकीचा वार बसला की कटाना वाकते आणि वाकलेलीच राहते. गुंडाळून भिजवलेल्या तातामी चटईवर वार करण्याचा सराव करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, धारेचा कोन जरा तिरका गेला की पातं बाजूला वळतं आणि मग ते सरळ करून घ्यावं लागतं.

मग पाठ चिवट म्हणजे काय? तर तुटण्याआधी ती बरीच ऊर्जा शोषून घेते. धारेला तडा गेला तर तो आत सरकत सरकत पाठीपर्यंत येतो आणि तिथे त्याला मऊ, वाकू शकणारं लोखंड भेटतं, तड्याच्या टोकाशी ते थोडं ताणलं जातं आणि तडा तिथेच अडतो. लढाईत वाकलेली तलवार नंतर सरळ करता येते, दोन तुकडे झालेली नाही. जपानी लोहारांनी केलेली निवड ही होती, आणि ती विचारपूर्वक केलेली निवड आहे, फक्त तिला स्प्रिंग म्हणणं चूक आहे.

आशीच्या त्या रेघा आता बघा. धारेचं मार्टेन्साइट कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी स्केलवर साठीच्या आसपास असतं, पाठ चाळिशीच्याही बऱ्यापैकी खाली. इतक्या कडक धारेला हाडावर किंवा दुसऱ्या पात्यावर आपटून खपली उडणारच, मग प्रयत्न असा की ती खपली लहान राहावी. मातीच्या आडव्या रेघांखाली कडक पट्ट्यात मऊ पट्ट्या तयार होतात, धारेच्या दिशेने आलेल्या पायांसारख्या, आणि धारेवरून लांबीच्या दिशेने धावणारा तडा त्यातल्या पहिल्या पट्टीशी थांबतो. मूठभर माती आणि एक पट्टी एवढ्यावर कोणीतरी हे कित्येक शतकांपूर्वी बसवलंय.

"कधीच तुटत नाही" हे मात्र धादांत खोटं आहे. कितीतरी पाती तर लढाई सोडा, लोहाराच्या हौदातच मरतात. पाण्यातून बारीक टिंग असा आवाज आला की लोहाराच्या पोटात गोळा येतो, कारण धारेला काटकोनात केसासारखा तडा गेलेला असतो, त्याला हागिरे म्हणतात, आणि ज्या पात्याला हागिरे आहे ते तलवार म्हणून संपलं, कितीही सुंदर असो. कारणं बहुतेक ठरलेली असतात: पातं गरजेपेक्षा जास्त तापलं आणि स्टीलचे कण जाड झाले, पाणी फार थंड होतं, किंवा धारेच्या कडेला फाईलचा एखादा खोल ओरखडा राहून गेला आणि ताण तिथेच जमा झाला. तडा अगदी बारीक असेल तर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पॉलिश चढल्यावर, दिव्याखाली पातं तिरकं धरून शोधावा लागतो. पाण्यातून निघालेलं पातं पुन्हा साधारण १५० ते २०० डिग्रीला हलकं तापवतात ते मार्टेन्साइटचा अतिरेकी ठिसूळपणा थोडा उतरावा म्हणून, पण त्याने झालेला तडा भरून येत नाही.

ह्याच ठिकाणी आणखी एक गल्लत चालते ती सांगून टाकतो. बऱ्याच कटानांत आतला गाभा कमी कार्बनच्या मऊ लोखंडाचा असतो आणि त्याभोवती कडक होणारं पोलाद गुंडाळलेलं असतं. तो मऊपणा मातीमुळे आलेला नसतो, त्या लोखंडात कार्बनच इतका कमी आहे की पाण्यात कितीही झटक्यात गार केलं तरी ते फारसं कडक होणार नाही. मातीचं श्रेय धार आणि पाठ यांच्यातल्या फरकाचं, गाभ्याचा मऊपणा घडवतानाच ठरलेला. दोन्ही गोष्टी मिळून तलवार वाचवतात पण कारणं वेगळी आहेत, आणि एकाच पोलादाचं, गाभा न घातलेलं पातंही मातीने धार-पाठ वेगळी करता येतं.

शेवटचा मुद्दा आजच्या भारी स्टीलचा. इथे तर गंमतीशीर उलट परिस्थिती आहे. मातीची ही सगळी करामत चालते कारण जुनं जपानी पोलाद कडक व्हायला नाखूश असतं, त्यात मँगनीज, क्रोमियम जवळजवळ नसतंच, म्हणून सेकंदाची ती अट इतकी कडक, आणि म्हणूनच लेप थोडा जाड झाला की तेवढ्यात पर्लाइट होतं. आता ट्रकच्या पाट्याचं स्टील घ्या किंवा बेअरिंगचं ईएन ३१ घ्या. त्यात मिश्रधातू मुद्दाम घातलेले असतात ते जाड तुकडाही आतपर्यंत हार्ड व्हावा म्हणून, म्हणजेच पर्लाइट सुरू व्हायला तिथे सेकंद नाही, त्याहून खूप जास्त वेळ लागतो. त्यावर माती लावून गार केलं तर धार मार्टेन्साइट होते आणि मातीखालची पाठही बहुतेक मार्टेन्साइटच होते, कारण माती जो उशीर करते तो ह्या स्टीलला पुरेसा नाही. हे स्टील वाईट आहे असं नाही, अख्खं हार्ड करून नीट टेम्पर केलं तर त्याची उत्तम, स्प्रिंगसारखी तलवार होते, पण मग मातीचं तिथे कामच काय? आज जे कारागीर मातीचं काम करतात ते म्हणूनच कमी मँगनीजचं साधं हाय कार्बन स्टील शोधत असतात.

आणि ती लाटांसारखी रेघ, हामोन, तिचाही इथे संबंध येतो. ती रेघ म्हणजे मार्टेन्साइट आणि पर्लाइट यांच्यातली सीमा आहे, दोघं पॉलिश आणि उजेड वेगवेगळे घेतात म्हणून दिसते. सीमेवर गार व्हायचा वेग मधला असतो म्हणून तिथे दोन्हींची सरमिसळ होते, आणि मार्टेन्साइटचे कण मोठे असतील तर वेगवेगळे चमकताना दिसतात, त्याला निए म्हणतात, बारीक असतील तर धुक्यासारखा पट्टा दिसतो, तो निओई. रेघ मातीच्या कडेला अगदी चिकटूनही चालत नाही, कारण लोखंडाच्या आतून उष्णता आडवी पसरत असते, म्हणून अनुभवी लोहार माती लावतानाच हा फरक धरून रेघ थोडी सरकवून काढतो.

बाजारात भिंतीवर लावायला मिळणाऱ्या बहुतेक कटानांवरची रेघ मात्र ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते, पातं अख्खं एकाच कडकपणाचं किंवा एकाच मऊपणाचं. ओळखायचं असेल तर पातं एका दिव्याखाली हळूहळू तिरकं करत बघा. खरी रेघ कोन बदलला की रूप बदलते, कुठे दाणे चमकतात, कुठे धुकं गडद होतं, धारेकडे येणाऱ्या पट्ट्या दिसतात आणि दोन्ही बाजूंची नक्षी बारकाव्यात कधी हुबेहूब सारखी नसते. काढलेली रेघ कुठूनही बघा, सपाट पांढरट दिसते, लाटा मोजून मारल्यासारख्या एकसारख्या येतात, आणि बारीक पॉलिश पेपरने थोडं घासलं की निघून जाते. खरी घासल्यावर मंद होईल, पण स्टीलच्या आत असल्यामुळे पुन्हा नीट पॉलिश केल्यावर जिथल्या तिथे परत येते. आपल्याकडच्या जुन्या तलवारींवर दिसणारं पाण्यासारखं जौहर आणि ही रेघ यांची पण गल्लत करू नका, जौहर हे पोलादातल्या कार्बाइडच्या ओळींचं असतं आणि ते सबंध पात्यावर पसरलेलं असतं, धारेपुरतं नाही.

आणि एखादा विक्रेता स्प्रिंग स्टीलचं पातं, मातीचा लेप आणि झळकणारी हामोन अशा तिन्ही गोष्टी एकाच जाहिरातीत लिहीत असेल तर पैसे देण्याआधी त्याच्याकडे दिव्याखाली फिरवलेल्या पात्याचा जवळून काढलेला व्हिडिओ मागा, फोटो नको.